उठायची वेळ आधी, झोपायची नंतर

"रात्री 10 ला आडवी होते, पण झोप येत नाही. सकाळी 11 पर्यंत पांघरूण सोडवत नाही, उठून करायचं तरी काय असं वाटतं. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात सकाळकडून करा. गाढ झोप लागायला त्याआधी साधारण पंधरा-सोळा तास जागं राहावं लागतं. 11 ला उठलात तर रात्री 2-3 च्या आत डोळा लागणार नाही. मग 10 पासून अंथरुणात उरतो तो फक्त विचारांचा रवंथ.

आता 10:30 चा गजर लावा, तीन-चार दिवसांनी 10 चा, पुढे असाच अर्धा अर्धा तास मागे. सुट्टीच्या दिवशीही तोच. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात काढा; शरीराचं घड्याळ त्यानेच अलीकडे सरकतं. पहिला तासभर डोकं जड राहील. ती अपुऱ्या झोपेची खूण असेलच असं नाही.

खरी मेख वेगळीच आहे. पांघरुणात एखादा नकोसा फोन टळतो, तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, आणि तीच सुटका सवय पक्की करते. 'बरं वाटलं की उठेन' म्हटलं की दुपार झालीच! म्हणून मूड न विचारता उठा आणि टाळलेल्यातलं एकच छोटं काम खुर्चीत बसून उरका.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा भरपूर झोपूनही दिवसा पेंग येत राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य, थायरॉइड, रक्त कमी असणं, चालू औषधं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. औषधं मात्र परस्पर बंद करू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबूच नका, आजच कुणाला तरी सांगा.