‘चोचले’, ४ जीबीचा फोन आणि एक प्रतिक्रिया

> “ताई, लेख सजवलाय छान, आत काही नाही. लाँचर बदलला की फोन स्लो होतोच. तुमचं ऐकून बदलला आणि आता होमला आलं की दोन-तीन सेकंद नुसता वॉलपेपर, आयकॉन गायब. फोन ४ जीबीचा आहे. भारी फोनवाल्यांना असले चोचले परवडतात. आयकॉन पॅक आणि लॉक स्क्रीनबद्दलही अर्धवटच लिहिलंय, आयफोनचं तर नावच नाही. आधी थोडा अभ्यास करा.”

‘चोचले’ हा शब्द मी दोनदा वाचला. ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच दमात ‘अभ्यास करा’ म्हणायचं, ही रीत मला काउंटरवरून चांगली माहीत आहे. दिरांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी सहा वर्षं बसते. गिऱ्हाईक आत आलं की आधी विचारतं, “भाऊ नाहीत का?” भाऊ डिस्प्ले बदलत असतात, सेटिंगची कामं मीच करते. आणि माझ्या हातातला ‘भारी’ फोन चार वर्षांपूर्वीचा आहे, त्याच्या कोपऱ्याला तडा आहे. असो.

एक मान्य. तुमचा फोन कमी मेमरीचा असू शकतो हे मी लेखात गृहीत धरायला हवं होतं. लाँचर, म्हणजे होमचा पडदा आणि आयकॉन दाखवणारं ॲप, बदलल्यानं वेगात ‘फरक पडत नाही’ हे वाक्य सरसकट लिहिलं, तिथं घाई झाली. पण ‘होतोच’ मधला ‘च’ मी मान्य करणार नाही, कारण तुमच्या फोनमध्ये जे घडतंय ते ‘लाँचर बदलला म्हणून’ एवढ्यावर संपत नाही.

नवा लाँचर टाकला तरी जुना जात नाही, तो मागे चालूच असतो. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, उघडी ॲप ओळीनं दाखवणारा रिसेंट्सचा पडदा बहुतेक फोनमध्ये कंपनीच्या मूळ लाँचरकडेच आहे. खालून वर बोट सरकवल्यावर दिसणारी हालचालही तोच सांभाळतो. त्यामुळे होम म्हणून तुम्ही नवा निवडला तरी सिस्टीमनं जुन्याला धरून ठेवलेलं असतं. एका घरात दोन चुली. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड काहीतरी बंद करतं, आणि जुना सिस्टीमला बांधलेला असल्यानं बळी बहुधा नव्याचा जातो. मग होमला आलात की नवा लाँचर पहिल्यापासून उभा राहतो, आणि तेवढा वेळ नुसता वॉलपेपर दिसतो. तुमचे दोन-तीन सेकंद ते हेच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांना अक्षरं मोठी आणि पडदा मोकळा हवा होता. फोन ४ जीबीचाच, अँड्रॉइड १३. मी नायगारा नावाचा लाँचर टाकून दिला: वॉलपेपरवर मोजकी नावं, बाकी ॲप अक्षराच्या पट्टीवर. आठवड्याभरात तक्रार आली, “सूनबाई, व्हिडिओ कॉल ठेवला की सगळं पुसलं जातं गं.” दुकानात फोन केबलनं लॅपटॉपला जोडला आणि नायगारा किती मेमरी खातोय ते मोजलं:

```
adb shell dumpsys meminfo bitpit.launcher
```

शेवटी नायगाराचं पॅकेज-नाव आहे, त्याच्या जागी जुन्या लाँचरचं घालून पुन्हा मोजलं. नवा ऐंशीच्या आसपास एमबी खात होता आणि जुना, जो मामंजींना दिसतही नव्हता, तो दीडशेच्या वर. म्हणजे बसायला जागा नव्याला नव्हती, कारण जुना पसरून बसला होता.

तो का पसरला होता? त्याच्या पानांवर हवामानाचं आणि बातम्यांचं विजेट तसंच राहिलं होतं, आणि डावीकडची बातम्यांची पट्टी चालू होती. पान दिसत नसलं तरी त्यावर लावलेली विजेट सिस्टीमच्या दप्तरी लावलेलीच असतात, ठरल्या वेळी त्यांच्या ॲपला जाग येतच राहते. लाँचर बदलताना जवळजवळ सगळे हे विसरतात. (लेखात मीही विसरले, हेही एक मान्य करून टाकते.)

मग केलं ते असं. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, होम ॲप इथं जाऊन तात्पुरता जुना लाँचर निवडला. त्याच्या पानांवरची सगळी विजेट काढली, बातम्यांची पट्टी बंद केली, हलता वॉलपेपर काढून साधा लावला. पुन्हा नवा निवडला आणि त्याच्या ॲप माहितीत बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ केला. फोन बंद करून पुन्हा सुरू केला आणि परत मोजलं तर जुना शंभराच्या आत आला होता. आता कॉलनंतर नावं जागेवर असतात. कॅमेऱ्यात बरेच फोटो काढले की अजून कधीतरी पुसतं, आणि ४ जीबीत त्यापुढे मला काही करता आलेलं नाही.

तुमचं दुखणं नेमकं कोणतं हे केबलशिवायही कळेल. कॅल्क्युलेटर उघडा आणि होमला या. तेवढ्यानंही आयकॉन गेले, तर बहुधा मेमरी नाही, फोनची बॅटरी-बचत लाँचरला मारतेय, आणि ‘अनिर्बंध’ केल्यावर बहुधा भागेल. फक्त कॅमेरा, गेम किंवा कॉलनंतर जात असतील, तर जुन्याची विजेट आवरा.

आणि कृपा करून जुना लाँचर संगणकावरून बंद करायला जाऊ नका. एका गिऱ्हाइकाच्या फोनवर आम्ही तो उद्योग केला होता. मेमरी मोकळी झाली आणि रिसेंट्सचं बटण मुकं झालं, इशाऱ्यानं होमला जाणंही बंद. संध्याकाळी तेच गिऱ्हाईक परत दारात.

आयकॉन पॅकवर ‘अर्धवट’ म्हणालात, पण काय अर्धवट ते लिहिलं नाहीत. पॅक म्हणजे चित्रांची पेटी आणि कुठलं चित्र कुठल्या ॲपला याची यादी. लाँचर ती एकदा वाचून आपल्याकडे साठवतो. पहिल्यांदा लावताना फोन क्षणभर अडखळतो, पुढे त्याचा भार नाही. यादीत नसलेल्या ॲपला मागे एकसारखी पाटी लावून भागवलं जातं, म्हणून तुमच्या बँकेचं ॲप पंगतीत उपऱ्यासारखं दिसतं. एवढंच.

लॉक स्क्रीनचं म्हणाल, तर फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये विजेट लावायची सोय असेल तर लावा, नसेल तर सोडा. सोय नाही म्हणून लॉक स्क्रीनचं वेगळं ॲप टाकलंत, तर ते खऱ्या कुलपावर दुसरा पडदा टाकतं, ‘इतर ॲपवर दाखवा’ ही परवानगी मागतं आणि बहुतेकदा जाहिराती आणतं. दुकानात ‘फोन स्लो झालाय’ म्हणून येणाऱ्यांत मी आधी हेच शोधते.

आयफोनवर लाँचर बदलता येत नाही, म्हणून त्याचं नाव नाही. अभ्यासाचा प्रश्न नव्हता.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि कॅल्क्युलेटरनंतर काय झालं ते लिहा. ‘ताई’ नाही लिहिलंत तरी चालेल.