नऊ पैसे किलो कोथिंबीर

शेतमालाचे रोजचे बाजारभाव शेतकऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये आणून बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, असे आमच्या व्यवस्थापकांचे ठाम मत होते, आणि पुण्यात मत एकदा ठाम झाले की त्याला माहितीची गरज उरत नाही. data.gov.in या संकेतस्थळावर देशभरातील बाजार समित्यांचे त्या त्या दिवसाचे भाव खुले मिळतात, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते आणि ते खरेही आहे. तिथली माहिती मागवायला चावी म्हणजे एक संकेतांक लागतो, आणि नमुन्याच्या चावीने एका वेळी दहाच ओळी मिळतात. त्या दहा ओळी पडद्यावर उमटलेल्या पाहून साहेबांनी हात झटकले आणि ‘झालंच की’ असे म्हणून ते चहाला गेले. उरलेल्या ओळी आणण्याचे काम माझ्याकडे आले.

प्रत्येक ओळीत दहा रकाने असतात: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख आणि शेवटी किमान, कमाल व सर्वसाधारण दर. यातला सर्वसाधारण दर म्हणजे किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागलेली सरासरी नव्हे, तर ज्या भावाने त्या दिवशी बहुतांश माल विकला गेला तो भाव. शेतकऱ्याला खरा उपयोग याच आकड्याचा असतो, कारण कमाल दर हा बहुधा कुणातरी भाग्यवंताच्या चार पाट्यांना मिळालेला असतो आणि तो भाग्यवंत आपल्या ओळखीचा कधीच नसतो.

रकान्यांत काय आहे हे समजायला वेळ लागला नाही. काय नाही, हे समजायला मात्र पुष्कळ लागला.

त्याआधी तारखेचा एक किरकोळ छळ झाला, तो थोडक्यात सांगतो. तारीख येते ती आपल्या सवयीप्रमाणे, आधी दिवस आणि मग महिना. माझ्या आधीच्या गृहस्थांनी लिहिलेला कोड मात्र ती अमेरिकन पद्धतीने वाचत होता. परिणामी ३ ऑगस्टचा भाव ८ मार्चचा ठरत असे, आणि अ‍ॅप तो ‘जुनी माहिती’ म्हणून नम्रपणे लपवून ठेवत असे. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत कुठेही चूक दिसत नसे, फक्त भाव दिसत नसत; १३ तारखेला तेरावा महिना सापडत नाही म्हणून सगळा कोड कोसळत असे. दर महिन्याला आमचे अ‍ॅप नेमके तेराव्याच्या दिवशी जाते, याची कार्यालयात एव्हाना सवय झाली होती. तारीख कोणत्या क्रमाने वाचायची हे एका ओळीत स्पष्ट लिहिल्यावर हा विधी बंद झाला.

खरा प्रश्न कोथिंबिरीने उभा केला.

बाजारभाव रुपये प्रति क्विंटल असतात, हे गृहीत धरून आम्ही प्रत्येक आकड्याला शंभराने भागत होतो आणि किलोचा भाव दाखवत होतो. कांदा, टोमॅटो, बटाटा यांनी कधी तक्रार केली नाही. मग एके दिवशी खेड तालुक्यातील एका शेतकरी काकांचा फोन आला. हे काका आमचे अ‍ॅप मनापासून वापरणाऱ्यांपैकी होते, त्यामुळे त्यांचा फोन आला की कार्यालयात शांतता पसरत असे.

“साहेब, कोथिंबीर नऊ पैसे किलो लावलीये तुम्ही.”

मी पडद्यावर पाहिले. लावली होती.

“नाही, म्हणजे भाव पडलेत हे मान्य आहे,” काका शांतपणे म्हणाले. “पण नऊ पैसे द्यायचे म्हटले तर गिऱ्हाईक सुट्टे कुठून आणणार, एवढंच विचारायला फोन केला.”

मी मूळ नोंद उघडली. अनावश्यक भाग गाळून ती अशी होती:

```json
{
  "commodity": "Coriander(Leaves)",
  "arrival_date": "14/07/2024",
  "min_price": "6",
  "max_price": "12",
  "modal_price": "9"
}
```

नऊ रुपये. पण नऊ रुपये कशाचे? क्विंटलचे असतील तर शेतकऱ्याने कोथिंबीर उपटण्याचेही कष्ट घेऊ नयेत. ही जुडीची किंमत होती. पालेभाज्या आपल्याकडे घाऊक बाजारात वजनावर नव्हे, नगावर विकल्या जातात; आडत्या शेकड्याचा भाव पुकारतो, म्हणजे शंभर जुड्यांचा, आणि नोंद करणारा कधी तोच लिहितो, तर कधी एका जुडीचा. पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात ‘परिमाण’ नावाचा एक रकाना असतो, त्यात क्विंटल किंवा नग असे स्वच्छ लिहिलेले असते. आमच्याकडे येणाऱ्या दहा रकान्यांत परिमाण नव्हते, आणि आवकही नव्हती. म्हणजे नऊ हा आकडा आमच्यापर्यंत एकटाच प्रवास करून आला होता. कशाचे नऊ, हे सांगणारा नातेवाईक मागेच राहिला होता.

साहेबांना हे सांगितले. त्यांनी तत्काळ उपाय सुचवला. “जुडीचं वजन काढा आणि किलोत बदला. सगळं किलोत असलं की आलेख छान दिसतो.”

आज्ञेप्रमाणे मी मंडईतून कोथिंबिरीच्या जुड्या आणल्या आणि कार्यालयाच्या स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवल्या. एक १२० ग्रॅमची भरली, दुसरी १९०. मंडईतल्या ज्या मावशींकडून त्या घेतल्या होत्या त्यांना कारण विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. “अहो, यार्डातली जुडी केवढी असते! आम्ही एकीच्या दोन करतो. आणि पाणी मारलं की वजन वाढतंच ना.” घाऊक जुडी वेगळी, किरकोळ जुडी वेगळी, पावसातली वेगळी आणि मार्चमधली वेगळी. मग मी वजनकाटा पिशवीत घालून पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात गेलो. तिथे पालेभाज्यांच्या ढिगापुढे उभा राहून एकेक जुडी मोजणाऱ्या माणसाकडे हमाल लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी इथे वर्णन करणार नाही. जुड्या २०० ते ४०० ग्रॅमच्या मध्ये कुठेही भरत होत्या. म्हणजे जुडीचा एकच भाव एका हिशेबाने किलोला २२ रुपये ५० पैसे होत होता आणि दुसऱ्या हिशेबाने ४५. एवढ्या फरकात आलेख छान दिसला असता, यात शंका नाही.

इथवरचा प्रकार हास्यास्पद असला तरी निरुपद्रवी होता, कारण नऊ पैशांवर कुणीही विश्वास ठेवला नसता. घाबरवले ते पुढच्या प्रकाराने. काही दिवसांनी त्याच बाजाराची, त्याच कोथिंबिरीची नोंद आली आणि सर्वसाधारण दर होता ९००. नोंद करणारा माणूस बदलला असावा. आधीचा जुडीचा भाव लिहीत होता, हा शेकड्याचा लिहू लागला. बाजारात काहीच बदलले नव्हते. अ‍ॅपने मात्र ९०० ला शंभराने भागले आणि ‘९ रुपये किलो’ असे अगदी सभ्य दिसणारे उत्तर दिले.

यावर कुणाचाही फोन आला नाही. कोथिंबीर नऊ रुपये किलो असू शकते. अशा दिवसांत शेतकरी ती शेतातच नांगरून टाकतो. पण जुडी पाव किलोची धरली तर नऊ रुपये जुडी म्हणजे ३६ रुपये किलो होतात. म्हणजे आम्ही प्रत्यक्षाच्या चौथा हिस्सा भाव दाखवत होतो, आणि तो पाहून एखाद्याने काढणी थांबवली असती तर त्याला कारणही कळले नसते. वेडगळ चूक काका पकडतात. समंजस चुकीला पकडणारे कुणी नसते.

खात्री करून दिली ती शेवटी काकांच्या पट्टीने. माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी देतो. काकांनी तिचा फोटो पाठवला. अंगठ्याने अर्धा भाग झाकला होता, पण हवा तो भाग दिसत होता: जुड्या ६००, दर ९००, रक्कम ५,४००. सहा शेकडे गुणिले नऊशे. वजनाचा रकाना त्या पट्टीवर नव्हताच, कारण बाजारातल्या कुणालाही त्याची गरज नव्हती. ती फक्त आम्हाला होती, आलेखासाठी.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे बाजार आणि शेतमाल यांच्या प्रत्येक जोडीसाठी परिमाणाचा आमचा स्वतःचा तक्ता केला. तो कोडने भरता येत नाही. बाजार समितीत किंवा आडत्याकडे फोन करून, नाहीतर पट्टी पाहूनच भरावा लागतो. ज्या जोडीचे परिमाण ठाऊक नाही तिचा भाव आम्ही किलोत बदलत नाही. जुडीचा भाव जुडीचाच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या दराला त्याच जोडीच्या मागील काही दिवसांच्या मधल्या दराने भागून पाहतो. पालेभाजीचा भाव एका दिवसात दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो, तिप्पटही होतो. पण भागाकार शंभराच्या आसपास आला, किंवा शंभरावा हिस्सा आला, तर बाजार हललेला नसतो, परिमाण हललेले असते. अशी नोंद माणसाने पाहिल्याशिवाय अ‍ॅपवर जात नाही.

ही तुलना करण्यासाठी मागचे दिवस आपल्याकडे असावे लागतात. त्या दहा रकान्यांच्या यादीत मिळतात ते केवळ चालू दिवसाचे भाव, आणि तेही दिवसभर हळूहळू भरत जातात. म्हणून आम्ही ते दिवसातून अनेकदा ओढतो आणि स्वतः साठवतो. मार्केट यार्डाचा भाजी विभाग शनिवारी बंद असतो. त्या दिवशी पुण्याची ओळ येत नाही, आणि न आलेली ओळ म्हणजे शून्य रुपये नव्हे, हेही अ‍ॅपला स्वतंत्रपणे शिकवावे लागले. आता शनिवारी शुक्रवारचा भाव शुक्रवारच्या तारखेसह दिसतो.

साहेबांनी हे सर्व ऐकून घेतले. कोथिंबिरीचा आलेख किलोत नाही, याचे त्यांना अजूनही वाईट वाटते. तक्त्यात मेथीचे परिमाण भरले गेले आहे, शेपूचे आणि चाकवताचे काही बाजारांत बाकी आहे. आडते पहाटे फोन उचलत नाहीत कारण ते विक्रीत असतात, आणि दुपारी उचलत नाहीत कारण ते झोपलेले असतात. मधली जी पंधरा-वीस मिनिटे उरतात, तेवढ्यात मी रोज एक ओळ भरतो.