नवं बिल जुन्या मेलच्या पोटात

डोकं फिरलंय अक्षरशः. मेलवर आलेलं बिल आपोआप एका फोल्डरमध्ये पडावं आणि रजिस्टरला चढावं, म्हणून ऑफिसने पैसे मोजून स्क्रिप्ट लिहून घेतली. आणि ट्रान्सपोर्टरचं जुलैचं बिल त्यात नाहीच! कळलं कधी, तर १४ तारखेला विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, आल्यावर. तिथे बिल दिसतंय, आमच्या रजिस्टरला त्याचा पत्ता नाही. २० तारखेच्या आत ३बी रिटर्न भरायचं आणि आम्ही बसलोय मेल उपसत.

हा ट्रान्सपोर्टर नवा मेल करतच नाही. जूनच्या मेलला रिप्लाय मारतो आणि त्यालाच जुलैचं पीडीएफ जोडतो. विषय तोच, फाइलचं नावही तेच, `Invoice.pdf`. जीमेलच्या लेखी ही एकच साखळी. स्क्रिप्टने शोध घेतला की हातात सुटा मेल येत नाही, अख्खी साखळी येते. आणि लिहिणाऱ्याने करून काय ठेवलंय?

```
thread.getMessages()[0]
```

शून्य म्हणजे साखळीतला पहिला मेल. कायम जूनचाच! ती फाइल आधीच घेतलेली, म्हणून स्क्रिप्ट गुपचूप पुढे जाते. एरर नाही, सूचना नाही. बिल गेलं कुठे हे कळणार कसं माणसाला?

तक्रार केली तर त्याने `[0]` काढून, आधी घेतलंय का हे न बघताच सगळे मेल घ्यायला लावले. मग जूनचं बिल दुसऱ्यांदा चढलं आणि थेट पेमेंटच्या यादीत जाऊन बसलं. पैसे दोनदा गेले असते!

अरे, प्रत्येक मेलला स्वतःचा आयडी असतो. `message.getId()` रजिस्टरच्या एका रकान्यात लिहा, साखळीतला एकेक मेल तपासा, आयडी आधीच असेल तर सोडा. एवढं सुचू नये?

आणि तेवढ्यानेही भागत नाही. पेमेंट लांबलं की तेच बिल आठवण म्हणून पुन्हा येतं. मेल नवा, आयडी नवा, बिल जुनं. तिथे विक्रेत्याचा जीएसटीआयएन, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष एकत्र जुळवून बघायला हवं, कारण नियमाप्रमाणे त्या वर्षात त्याच जीएसटीआयएनवर तो नंबर पुन्हा वापरता येत नाही. पण आमच्या शीटमध्ये नंबरचा रकाना प्लेन टेक्स्ट केलेलाच नाही! `0075` चं `75` होतं, मग जुळणार काय, कपाळ?

आता त्याने दुरुस्ती करून आणली की मी समोर बसवून तपासणार. जूनचं बिल, जुलैचं बिल आणि जूनचंच पुन्हा, तिन्ही एकाच साखळीत. रजिस्टरला दोनच ओळी आल्या पाहिजेत. नाही आल्या तर त्याचं स्वतःचं बिल मी पास करणार नाही.