शेरा : पक्षकार शंकेखोर आहे

माझ्या घरच्या आयकराची कुंडली परवा मानपाड्याच्या एका एसी ऑफिसात मोठ्याने वाचली गेली. वाचणारे गृहस्थ त्या ऑफिसातले नव्हते. माझ्या ओळखीचे तर मुळीच नव्हते. सोफ्यावर माझ्या शेजारी बसले होते, एवढाच त्यांचा अधिकार.

आमचे कर सल्लागार काका वडिलांच्या वेळेपासूनचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, ८१९ कलमांची ५३६ झाली. लोकांना आनंद झाला. काका म्हणाले, "माझी ८१९ पाठ होती," आणि नौपाड्यातलं ऑफिस बंद करून गुहागरला निघून गेले. जाताना पुढच्या सल्लागारासाठी चार फुलस्केप पानं लिहून पाकिटात घातली आणि मला बजावलं, "तू उघडू नकोस."

मी नाही उघडलं. नव्या सीए मॅडमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने उघडलं, पानं टीपॉयवर ठेवली आणि ती झेरॉक्सकडे गेली. शेजारच्या आजोबांनी खिशातून चष्मा काढला.

"बाब पहिली," आजोबा म्हणाले. "पोर्टलवर मोबाइल व ई-मेल माझा आहे. तो प्रथम बदलावा." मग माझ्याकडे वळले. "म्हणजे तुमचा ओटीपी गुहागरला जातो?"

मी म्हटलं, अहो, ते खासगी आहे.

"खासगी कसलं? गुहागरला जातोय ना!"

यात विनोद नव्हता, पण दोन खुर्च्या पलीकडची बाई हसली. बऱ्याच घरांत हीच पद्धत असते. सल्लागार सोयीसाठी स्वतःचा नंबर घालून ठेवतो, त्यामुळे नोटिसा त्याच्याकडे जातात आणि आपल्याला वाटतं, आपल्याला नोटिसा येतच नाहीत. काकांनी पुढे लिहिलं होतं, की प्रोफाइलमध्ये नवा नंबर आणि ई-मेल घातला की दोन्हीवर ओटीपी येतात. 'माझे सीए' या जागेतून जुनं नाव काढून नवं घालावं लागतं. आणि हे सगळं करेपर्यंत काका फोनच्या रेंजमध्ये हवेत. ते रोज संध्याकाळी पाच ते सहा अंगणात फणसाखाली रेंजमध्ये असतात, हेही लिहिलं होतं.

"बाब दुसरी. तातडीची." आजोबांनी आवाज चढवला. "फ्लॅट वर्तकनगर, किंमत ९० लाख, डिसेंबर २०२४. घेणारे दोन, विकणारे दोन. म्हणून २६क्यूबी चार. अरे वा! माझ्या जावयाने एकच भरला होता. मार खाल्लान."

इथे मला आजोबांबद्दल क्षणभर आदर वाटला, कारण मुद्दा बरोबर होता. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का कर, म्हणजे टीडीएस, कापून भरायचा. घेणारे दोन आणि विकणारे दोन, तर तेव्हा प्रत्येक जोडीचा २६क्यूबी फॉर्म वेगळा असे. आमचे एकूण ९० हजार झाले, म्हणजे एका फॉर्ममागे साडेबावीस हजार. ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर तीस दिवसांत, म्हणजे ३० जानेवारीपर्यंत भरायचे. उशीर झाला की दिवसाला दोनशे रुपये. काकांनी चारही वेळेत भरले होते.

"मग नोटीस कशाची?" आजोबांनी पान उलटलं. "विक्रेतीचं पॅन आधारशी न जोडल्याने बंद होतं. सबब एकऐवजी वीस टक्के. मागणी प्रत्येकी ४,२७,५००. व्याज वेगळं." चष्म्यावरून त्यांनी मला पाहिलं. "तुम्हाला भरायचेत?"

हो, आम्हाला. विकणाऱ्या बाईंच्या वाट्याची किंमत ४५ लाख, त्यातली निम्मी माझ्याकडून, निम्मी बायकोकडून. साडेबावीस लाखांचे वीस टक्के साडेचार लाख होतात, त्यातून भरलेले साडेबावीस हजार वजा. हजार रुपये भरून आधार जोडायचं होतं त्यांनी. कंटाळा त्यांनी केला. पैसे घेऊन त्या पुण्याला राहायला गेल्या आणि नोटीस आमच्या नावावर निघाली. रजिस्ट्रेशनच्या दिवशी त्यांनी आम्हाला पेढे दिले होते. पॅन कार्डाची झेरॉक्सही दिली होती. झेरॉक्सवर पॅन चालू आहे की झोपलंय, ते कुठे लिहिलेलं असतं? ते पोर्टलवर पाहावं लागतं, आणि घर घेणाऱ्या माणसाने बिल्डिंगचं गळतं प्लंबिंग बघायचं, सोसायटीची एनओसी आणायची, का विकणारीचं आधार तपासत बसायचं? हे मी आजोबांना जरा जोरातच म्हणालो.

"ओरडू नका, तोडगा आहे," ते पुढचं पान चाळत म्हणाले. जणू तोडगा त्यांनीच काढला होता.

तोडगा काकांचा होता. जुलै २०२५ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक क्रमांक ९ काढलं. १ एप्रिल २०२४ ते ३१ जुलै २०२५ या काळातले पैसे असतील आणि पॅन ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू झालं असेल, तर वीस टक्के लागत नाहीत. काकांनी बाईंच्या मागे लागून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅन चालू करून घेतलं होतं आणि पोर्टलवरच्या स्थितीचा, तारखेसकट, प्रिंटआउट काढून ठेवला होता. तरी १८ मार्चला नोटीस आलीच. परिपत्रक मशिनीला कोणी वाचून दाखवलं नसावं.

आणि खाली लाल शाईत : टीडीएस अधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करावा, पण अर्ज करून स्वस्थ बसू नये. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, अर्ज पडून राहिला म्हणून ती थांबत नाही. १७ एप्रिल ओलांडू नये. नोटीस जुन्या कायद्यातली आहे, कलमंही जुनीच घालावीत. (ही शेवटची ओळ लिहिताना काका खूश झाले असणार.) सोबत चार पावत्या, टीडीएसची चार १६बी प्रमाणपत्रं, घराच्या नोंदणीचा इंडेक्स टू, पॅनचा प्रिंटआउट. मूळ कागद पक्षकाराच्या कपाटात, चादरींखाली.

"चादरींखाली," आजोबांनी पलीकडच्या बाईंना सांगितलं.

"शेरा," ते वाचू लागले. मी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. "पक्षकार सज्जन आहे, मात्र शंकेखोर. एकच गोष्ट तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा नुसतं हो म्हणावं. पत्नीशी बोलल्यास काम लवकर होते."

बाई हसल्या, रिसेप्शनवरची मुलगी हसली, आणि केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या मॅडमही हसल्या. तीस वर्षं माझं घर सांभाळलेल्या माणसाने हे लिहावं? चार लाखांच्या नोटिशीबद्दल माणूस तीनदा नाही विचारणार तर काय करणार?

आत गेल्यावर मॅडमनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "काम निम्मं झालंय. अर्ज उद्या जाईल, अपील १५ तारखेपर्यंत तयार ठेवू." मी विचारलं, म्हणजे पैसे भरायचे नाहीत ना? नाही, म्हणाल्या. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. नाही, म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. रात्रभर झोप नाही.

मी बाहेर पडलो तेव्हा आजोबा खाली रिक्षाची वाट पाहत होते. त्यांनाही नौपाड्यालाच जायचं होतं, म्हणून एकच केली. वाटेत जावयाची सगळी केस झाली. उतरताना मीटर बरोबर शंभर. माझ्या हातावर त्यांनी चाळीस रुपये ठेवले.

"निम्मे पन्नास होतात, आजोबा."

"होतात ना. पण तुमचं पॅन चालू आहे का नाही, मला काय ठाऊक? वीस टक्के कापले."