ओव्हरहँगचा लोड सपोर्टला देऊन मोकळं होता येत नाही

"ओव्हरहँगिंग बीमला घाबरू नका. बाहेरचा लोड सरळ जवळच्या सपोर्टला द्या, मधला स्पॅन सिम्पली सपोर्टेड धरून सोडवा. सपोर्टवर मोमेंट शून्य, मधोमध जास्तीत जास्त. दहा मिनिटांत दोन्ही डायग्राम तयार."

सोलापुरातल्या डिप्लोमाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही नोट फिरते आहे. जुळे सोलापुरातल्या माझ्या क्लासमध्ये गेल्या आठवड्यात चौघांनी याच पद्धतीने गणित सोडवून आणलं, आणि चौघांचंही उत्तर चुकलं. तेच गणित इथे घेतो. ए आणि बी हे सपोर्ट, त्यांच्यात ६ मीटर अंतर. बीच्या पुढे सीपर्यंत २ मीटर ओव्हरहँग. एबीवर मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल आणि सीच्या टोकाला १५ किलोन्यूटनचा पॉइंट लोड. बीमचं स्वतःचं वजन सोडून देऊ.

आधी रिॲक्शन. नोटप्रमाणे ए वर ३० आणि बी वर ४५ येतात. बेरीज ७५ जुळते, म्हणून मुलांना शंका येत नाही. पण एभोवती मोमेंट घेऊन बघा: यूडीएलचे ६० गुणिले ३, म्हणजे १८०, आणि टोकाचे १५ गुणिले ८, म्हणजे १२०. एकूण ३००, भागिले ६, म्हणून बी वर ५० आणि ए वर २५. टोकाचा लोड बीला १५ नाही, २० देतो, आणि जास्तीचे ५ ए कडून काढून घेतो. बेरीज जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं नसतं. मोमेंटचं समीकरणही जुळावं लागतं.

नोटमधली सगळ्यात मोठी चूक सपोर्टवरच्या मोमेंटची आहे. मोमेंट शून्य असतो तो बीमच्या टोकाला असलेल्या साध्या सपोर्टवर. बीच्या पुढे तर बीम चालूच आहे. बीच्या उजवीकडचा तुकडा कापून बघितला तर २ मीटरवर १५ किलोन्यूटन लटकतोय, म्हणजे बीवर मोमेंट उणे ३० किलोन्यूटन मीटर. हे मी वर्गात फुटपट्टीने दाखवतो. दोन खोडरबरांवर फुटपट्टी ठेवायची, ए कडचं टोक बोटाने धरायचं आणि बाहेर आलेलं टोक दाबायचं. मधला भाग वर उचलला जातो. बीवर वरच्या बाजूला ताण येतो तो हाच.

आता शिअर फोर्स काढू. ए वर २५ पासून सुरुवात, मग दर मीटरला १० ने उतार, बीच्या जरा डावीकडे उणे ३५. तिथे ५० ची उडी, म्हणून बीच्या जरा उजवीकडे अधिक १५. सीपर्यंत ती रेघ आडवी राहते, कारण ओव्हरहँगवर यूडीएल नाही, आणि टोकाच्या लोडने शून्यावर येते. न आली तर कुठेतरी चुकलंय.

शिअर शून्य होतो एपासून २.५ मीटरवर, मधोमध नाही. तिथला सॅगिंग मोमेंट म्हणजे शिअरच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ: २५ गुणिले २.५ भागिले २, म्हणजे ३१.२५. नोटच्या पद्धतीने मधोमध ४५ येतो, खऱ्या बीममध्ये तिथे ३० आहे. शिअर आणखी एका जागी चिन्ह बदलतो, बीवर, म्हणून तिथे उणे ३० चं दुसरं शिखर. पुढचा त्रिकोण ३५ गुणिले ३.५ भागिले २, म्हणजे ६१.२५. तो ३१.२५ मधून वजा केला की उणे ३० येतं. एवढा ताळा प्रत्येक वेळी करा, दोन मिनिटंही लागत नाहीत.

मोमेंटची आकृती एबीवर पॅराबोला आहे आणि बीसीवर सरळ रेघ. पॅराबोला शून्य रेषा कुठे ओलांडतो तेही काढा: २५ क्ष वजा ५ क्ष वर्ग बरोबर शून्य, म्हणून क्ष ५ मीटर. म्हणजे बीच्या १ मीटर अलीकडे कॉन्ट्राफ्लेक्शर. नोटमध्ये हा बिंदूच नाही, आणि साइटवर तोच लागतो. तिथून पुढे ताण वरच्या बाजूला जातो, म्हणून बीवरची मुख्य सळई वर हवी. आयएस ४५६:२००० प्रमाणे त्या वरच्या स्टीलचा किमान एक तृतीयांश भाग या बिंदूच्याही पलीकडे न्यावा लागतो. नोटच्या आकृतीवरून सळ्या बांधल्या तर सगळ्या खालीच पडतील, आणि गॅलरी सपोर्टपाशी वरून तडकेल.

हा बिंदू एका लोडसाठीच खरा, हेही ध्यानात ठेवा. एबीवरचा यूडीएल काढून टाका, फक्त टोकाचे १५ राहू द्या. ए वरची रिॲक्शन उणे ५ येते, पूर्ण बीम हॉगिंगमध्ये जातो आणि ए कडचं टोक उचलू पाहतं. ते धरून ठेवायला त्यावर भिंतीचं किंवा कॉलमचं तेवढं वजन आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं.