शेपटीकडून फोटो पाठवा

आपल्याकडे लोकांना जनावराचा फोटो फक्त तोंडाकडून काढता येतो. घरी गिनीपिग पाळल्यापासून नात्यागोत्यातले असे सगळे फोटो माझ्याकडे येतात. दोन काळे डोळे, वळवळणारं नाक, मागे कुणाचा तरी अंगठा आणि खाली प्रश्न: "याला काय घालायचं?" गोंडस चेहरा प्रत्येकाचाच असतो हो. ओळख पटते ती दुसऱ्या टोकाला.

परवा सांगलीहून दाजींचा फोन आला. भाचीसाठी त्यांनी 'मोठ्या जातीचा हॅमस्टर' आणला होता. सोबत तारेचा दुमजली पिंजरा, पळायचं चाक आणि सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. दुकानदाराने एकदमच सगळं गळ्यात मारलेलं.

"दाजी, मागून फोटो काढा. शेजारी काडेपेटी ठेवा."

"मागून?" दाजी विश्रामबागेत प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. "पाव्हणं, बरं हाय ना?"

मागून म्हणजे शेपटीसाठी. हॅमस्टरला अगदी बोंडाएवढी का होईना, शेपटी असते. जर्बिलची चांगली अंगाएवढी लांब, केसाळ आणि टोकाला झुपका असलेली. सशाचा कापसाचा गोळा कुणालाही ओळखू येतो. गिनीपिगला मात्र बाहेर दिसणारी शेपटीच नसते.

फोटो आला. शेपटी नव्हती. पण केस इतके दाट होते की बोंड आत लपलं असेल, अशी शंका उरतेच. शेजारच्या काडेपेटीवरून लांबी साधारण पंधरा सेंटीमीटर निघाली आणि तिनेही काही मिटेना, कारण पुरा वाढलेला सीरियन हॅमस्टर तेवढाच असतो आणि गिनीपिगचं लहान पिल्लूही तेवढंच. त्यात गिनीपिगची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, त्यामुळे ती पिल्लं वाटतच नाहीत. नुसत्या आकारावर जाणारा माणूस इथेच फसतो.

कान पाहिले तर पाकळीसारखे, खाली झुकलेले. हॅमस्टरचे गोल आणि ताठ असतात. तेवढ्यात ताईने मागून सुचवलं, "लोंबत्या कानांचा ससा असेल." असे ससे असतात खरे. म्हणून शेवटचा फोटो मागितला, मागच्या पायाच्या तळव्याचा. सशाच्या तळव्यावर दाट केस असतात, गिनीपिगचा तळवा उघडा. शिवाय गिनीपिगच्या पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्या पायाला तीनच. इथे बाकी कुणाशी घोळ होत नाही.

भाचीने पिल्लू धरलं, दाजींनी फोन धरला, ताईने दोघांना धारेवर धरलं. फोटोत तळवा उघडा आणि बोटं तीन.

"दाजी, हा गिनीपिग आहे. चाक काढा."

"साडेचारशेचं हाय!"

चाकावर गिनीपिगच्या पाठीला इजा होते, आणि तारेच्या तळाने पाय सोलवटतात. त्याला चढायला मजले नकोत, सपाट मोकळी जागा हवी. जोडीला साधारण चार फूट बाय दोन फूट. सांगलीच्या उन्हाळ्यात ती पत्र्याखाली नको, घरात गारव्याला हवी.

बिया तर त्याहून वाईट. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजायला दिवसभर वाळलेलं गवत चघळावं लागतं. दाजी म्हणाले, मळ्यात लसूणघास आहे की! वाढत्या पिल्लाला थोडा चालेल, पण मोठ्याला रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियमने मूतखडा होऊ शकतो. साधं गवत बरं, हरळीसुद्धा चालते.

आणि आपल्यासारखंच गिनीपिगलाही शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही. हॅमस्टर आणि ससा ते स्वतः बनवतात, म्हणून सशाचं खाद्य घालूनही भागत नाही. काही आठवड्यांत अंगावरची लव खरखरीत होते, सांधे दुखून जनावर लंगडतं, मग खाणं सोडतं. आपण समजतो, शांत स्वभावाचं आहे. रोज ढोबळी मिरचीची फोड आणि थोडी कोथिंबीर दिली की हे टळतं.

"आणि एकटा ठेवू नका," मी म्हणालो. सीरियन हॅमस्टर दुसऱ्याला पिंजऱ्यात टिकू देत नाही, गिनीपिग मात्र एकटा झुरतो.

दुसऱ्या दिवशी दाजींचा आनंदाने फोन. जोडीदार आणला! "दोन्ही माद्याच हायत. दुकानदारानं खात्रीनं सांगितलंय."

"कुठल्या दुकानदारानं?"

"त्याच की."

मादी महिन्याभराची झाली की गाभण राहू शकते, हे मी दाजींना सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात, "पाव्हणं, आता कुठला फोटो पाठवू म्हणता?"

मी सांगितलं. दाजी म्हणाले, पोरगी शाळेला गेल्यावर पाठवतो.