गावची मुलं, शहरची मुलं आणि एका सेंटिमीटरचा हिशोब

"गावाकडची मुलं शहरातल्या मुलांपेक्षा बुटकी का राहतात? इथल्या चर्चांत सगळे म्हणतात, हा रक्ताचा भाग आहे, परदेशी मापं आपल्या पोरांना लावूच नयेत. तुम्ही तिकडं इंग्लंडमध्ये राहता, तुम्हाला काय दिसतं?" सांगली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचा हा प्रश्न.

गुरुजी, ज्या मापाला परदेशी म्हणतात, तो जागतिक आरोग्य संघटनेचा मुलांच्या वाढीचा तक्ता आहे आणि तो २००६ साली आला. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणची मुलं मोजली गेली: ब्राझीलमधलं पेलोतास, घानातलं अक्रा, ओमानमधलं मस्कत, नॉर्वेतलं ऑस्लो, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. दिल्लीत मुद्दाम सुखवस्तू घरांतली, आईचं दूध पिणारी, आजारपणाचा ससेमिरा नसलेली मुलं निवडली होती. ती उंचीत इतरांच्या जवळपास बरोबरीनं वाढली. म्हणजे या मापात आपली मुलं आहेतच.

इंग्लंडमध्येही २००९ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हाच तक्ता वापरतात. जन्मल्यावर मिळणाऱ्या लाल वहीत तो छापलेला असतो, आणि पटेलांच्या, पाटलांच्या मुलांसाठी वेगळा तक्ता नसतो. अलासेविच आणि तारोझ्झी या अभ्यासकांनी इथल्या आरोग्य सर्वेक्षणातून भारतीय वंशाची मुलं तपासली, तेव्हा दोन ते चार वर्षांची मुलं गोऱ्या मुलांच्या बरोबरीची निघाली, आईवडील मात्र गोऱ्यांपेक्षा बरेच बुटके होते. रक्तच सगळं ठरवत असतं, तर एका पिढीत हे झालं नसतं.

यावर इथल्या मराठी मंडळात एक गृहस्थ लगेच म्हणतात, "बघा, इथली हवाच वेगळी. पोरं आपोआप उंच होतात." त्यांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. इथं जे आले त्यांत शिकलेल्या, पोटभर खाऊन वाढलेल्या घरांचा वाटा मोठा आहे. ही घरं पुण्यात राहिली असती, तरी त्यांची मुलं बरीच उंच झाली असती. म्हणून इंग्लंडचा दाखला रक्ताच्या सिद्धांताला उत्तर म्हणून चालतो, पण हवेच्या बाजूनं पुरावा म्हणून नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडून हा फरक फार सहज पुसला जातो.

आता गाव आणि शहर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी गावात ३७.३ टक्के आणि शहरात ३०.१ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. हा सातेक टक्क्यांचा फरक उंचीत बदलला, तर दोन वर्षांच्या मुलांच्या सरासरीत ढोबळमानानं एक सेंटिमीटर येतो. त्याच सर्वेक्षणात सगळ्यात गरीब पाचव्या हिश्शातल्या घरांमध्ये ४६ टक्के मुलं बुटकी आहेत आणि सगळ्यात श्रीमंत हिश्शात २३ टक्के. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आईची आणि बारावी किंवा पुढं शिकलेल्या आईची मुलं शेजारी ठेवली, तर अंतर असंच, वीस टक्क्यांच्या आसपास येतं. गाव-शहराच्या सात टक्क्यांपेक्षा ते कितीतरी मोठं आहे.

गाव-शहराची तुलना मला अपुरी वाटते ती यामुळं. घरची ऐपत, आईचं शिक्षण, तिची स्वतःची उंची आणि घरातला संडास या गोष्टी सारख्या ठेवून गावातलं आणि शहरातलं मूल ताडून पाहिलं, की फरकाचा बराचसा भाग उरतच नाही. अनेक देशांच्या अभ्यासांत हेच दिसलं आहे. शहर स्वतः कुणाची उंची वाढवत नाही. शिकलेल्या आया, नियमित पगार आणि नळाचं पाणी शहरात जास्त प्रमाणात एकत्र सापडतं, एवढंच. जिथं ते सापडत नाही, त्या झोपडपट्टीतलं मूल गावातल्या मुलाइतकंच मागं राहतं. शहराची सरासरी त्याला झाकून टाकते.

श्रीमंत घरांतल्या २३ टक्क्यांचा आकडा मात्र सोपा नाही. निरोगी मुलांच्या गटात तक्त्यातल्या बुटकेपणाच्या रेषेखाली जेमतेम दोन-सव्वादोन टक्के मुलं असायला हवीत. "मग माप चुकलंय," असं अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांच्यासारखे लोक २०१३ पासून म्हणत आले आहेत, आणि तो युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझं मत वेगळं आहे. सर्वेक्षणातला श्रीमंत हिस्सा म्हणजे देशातली वरची वीस टक्के घरं; त्यात मोटारसायकल, टीव्ही आणि पक्कं घर असलेला माणूसही बसतो. दक्षिण दिल्लीच्या त्या निवडक घरांशी त्याची बरोबरी नाही. शिवाय आजची आई वाढली ती तिच्या आईच्या गरिबीत. १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या आईचं बाळ जन्मतःच लहान असण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि घरात पैसा आला म्हणून तिची उंची वाढत नाही. हे कर्ज फिटायला दोन पिढ्या लागतात की तीन, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

मोजण्यातली गडबडही समजून घ्यायला हवी, कारण अर्धे वाद तिथूनच सुरू होतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजायची. दोघी लागतात: एकीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना लावायची. दोन वर्षांनंतर उभं करून मोजायचं. उभं केल्यावर माप साधारण ०.७ सेंटिमीटरनं कमी भरतं.

समजा, २३ महिन्यांच्या मुलाची लांबी झोपवून ८१.३ सेंटिमीटर आली. त्या वयाच्या मुलग्यासाठी बुटकेपणाची रेषा ८१.० वर आहे, म्हणजे तो रेषेच्या वर आहे. पण आजीनं "दोन वर्षांचा झाला" असं सांगितलं आणि अंगणवाडी सेविकेनं २४ महिने लिहिले, तर रेषा ८१.७ वर जाते आणि तेच मूल बुटकं ठरतं. वय बरोबर लिहिलं, पण मूल रडतंय म्हणून उभं करून मोजलं आणि ८०.६ हा आकडा झोपवलेल्या मापाच्या रकान्यात टाकला, तरी तेच होतं. अशा चुका एका गावात पन्नास मुलांच्या बाबतीत झाल्या, तर तालुक्याच्या यादीवर विश्वास ठेवता येत नाही. वयं सारखी ६, १२, १८, २४ महिन्यांवर साचलेली दिसली किंवा बहुतेक उंच्या .० आणि .५ वर संपत असल्या, की अंदाजानं भरलंय हे ओळखावं.

पालघर भागात अनेक वर्षं काम केलेल्या एका अंगणवाडी पर्यवेक्षिकाबाईंनी याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली. "आमच्याकडं सगळा जोर वजनावर. उंची कमी आणि वजनही त्याच बेतानं कमी असलं, की उंचीच्या मानानं वजन बरोबर दिसतं. मूल तक्त्याच्या हिरव्या रंगात, म्हणजे ठीक असलेल्या मुलांत जातं आणि पुढं कुणी बघत नाही. लुकडं मूल दिसतं, बुटकं मूल घरातल्यासारखंच दिसतं." बाईंचं म्हणणं पटण्यासारखं आहे. उपचाराच्या योजना लुकडेपणासाठी आखलेल्या आहेत. बुटकेपणा गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत साचत जातो, आणि त्यासाठी भरती करण्याजोगा एक दिवस कधी येतच नाही.

आता ताटाकडं येऊ, कारण गुरुजी, तुम्हाला गावात सगळ्यात जास्त हात घालता येईल तो इथं. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करताना दोन-तीन चमचे पुरतात, पण नवव्या महिन्यापासून प्रत्येक वेळी अर्धी वाटी आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी लागते. ही वाटी म्हणजे २५० मिलीचं भांडं, देवापुढची वाटी नव्हे. दिवसातून तीन-चार वेळा, आणि वर एखादा खाऊ. घरोघरी नेमकं चुकतं ते घट्टपणात. वरणाचं पाणी, भाताची पेज, बिस्किट बुडवलेला चहा यांनी बाळाचं छोटं पोट भरतं, पण त्यातून मिळत फार थोडं. तिरप्या केलेल्या चमच्यावरून अन्न ओघळलं, तर ते पातळ आहे. घट्ट वरणभात कुस्करून त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, जमेल तिथं अंडं, एवढ्यानं त्याच वाटीचं वजन बदलतं. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी देशात जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आणि विविध आहार मिळतो, आणि शहरातली मुलंही यात फारशी पुढं नाहीत. अंगणवाडीतून घरी दिलेलं पाकीट तर सगळं घर मिळून खातं, हेही पर्यवेक्षिकाबाईंचंच निरीक्षण.

मंडळातल्या एका अभियंत्याचं ठाम मत आहे, "संडास बांधा, उंची येईल." उघड्यावरच्या घाणीतून जंतू पोटात जातात, आतडं सतत सुजलेलं राहतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, हे त्यांचं स्पष्टीकरण योग्य आहे. अर्थतज्ज्ञ डीन स्पिअर्स यांनी भारताच्या संदर्भात हा मुद्दा जोरानं मांडला, आणि २०१९-२१ मध्येही गावातल्या २६ टक्के घरांना संडास नव्हता, शहरात ६ टक्क्यांना. पण बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमधल्या मोठ्या प्रयोगांत संडास, साबण आणि क्लोरीन देऊनही मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. आहाराची जोड दिली तिथं थोडा पडला. काहींच्या मते घाण कमी झाली पण पुरेशी नाही, कारण कोंबड्या, जनावरं आणि शेजारचं घर तसंच होतं. काहींच्या मते मुळात आहारच निर्णायक आहे. मला पहिलं जास्त पटतं, पण वाद मिटलेला नाही.

याच चर्चेत एका ताईंनी विचारलं, "माझा बारा वर्षांचा, वर्गात सगळ्यात लहान दिसतो. कुठलं टॉनिक देऊ?" ताई, हा प्रश्न वेगळा आहे. एका मुलाच्या बाबतीत आईबापांची उंची, वयात येण्याचा काळ आणि वर्षाला किती सेंटिमीटर वाढतोय ते बघावं लागतं. टॉनिक घेऊ नका, दर सहा महिन्यांनी त्याच भिंतीपाशी उंची मोजा. वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

महाराष्ट्रात २००५ साली कुपोषण कमी करण्यासाठी सरकारचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. दोन वर्षांखालच्या बुटक्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या सर्वेक्षणात सुमारे २३ टक्क्यांवर आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या नंतरच्या दोन फेऱ्यांत पाच वर्षांखालचा आकडा ३४.४ आणि ३५.२ आला, तेव्हा "सगळं वाया गेलं" अशी ओरड झाली. पण बुटकेपणा दोन वर्षांपर्यंत वाढत जातो, त्यामुळं दोन वर्षांखालचा आणि पाच वर्षांखालचा आकडा शेजारी ठेवताच येत नाहीत. खरी चिंता आहे ती ३४.४ वरून ३५.२ जाण्याची, म्हणजे खाली न येण्याची.

गुरुजी, पुढच्या ग्रामसभेत अंगणवाडीची वही मागा. वजनाचा रकाना सोडून उंचीचा बघा, आणि तीन गोष्टी विचारा: जन्मतारीख दाखल्यावरून घेतली की आजीकडून, मूल झोपवून मोजलं की उभं करून, आणि या मुलाची आई गरोदर असताना तिचं वजन किती वाढलं.